शेजारच्या शेडपेक्षा पिवळी

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रंगाचं काम दिवसरात्र चालतं, पण रंगाचं कौतुक कुणी करत नाही. रेमंडचं शर्टिंग इथं तयार होतं, इंडो काउंटच्या परदेशी जाणाऱ्या चादरी इथं रंगतात, आणि इथल्याच एका डाईहाऊसच्या लॅबमध्ये मी शेड मॅचिंग करतो. आमच्या साहेबांनी एखाद्या कापडाकडे बघून ‘अहाहा’ म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. ते तुकडा लाइट बॉक्समध्ये धरतात, मान तिरकी करतात आणि म्हणतात, “स्टँडर्डपेक्षा जरा पिवळी मारतीय. आणि डल आहे.” एवढं बोलून ते चहाला जातात. त्या दोन वाक्यांवर अख्ख्या लॉटचं नशीब ठरतं.

अशा ठिकाणी आयुष्य गेलेल्या माणसाच्या हातात लिपस्टिकचा कॅटलॉग देऊ नये. पण वहिनींनी दिला.

आमच्या वहिनींचं कागलमध्ये लेडीज शॉपी आणि पार्लर आहे. पुढच्या भागात बांगड्या, टिकल्या आणि क्रीम, मागच्या भागात पडदा, आणि पडद्यामागं थ्रेडिंग. एका कंपनीनं त्यांना लिपस्टिकच्या १२ आणि फाउंडेशनच्या ६ शेड ठेवायला दिल्या होत्या, सोबत मराठीत छापलेलं माहितीपत्रक. वहिनी अस्सल कोल्हापुरी, म्हणजे स्वतःबद्दल पुल्लिंगातच बोलणार. “भावजी, मी हे तीनदा वाचलो. मलाच काय कळंना झालंय. गिऱ्हाईक विचारतंय ह्यातली कुठली घेऊ, तर मी काय सांगू? तुम्ही रंगातलं शिकलेलं माणूस. जरा नीट लिहून द्या की.”

पत्रक मी वाचलं. ७ नंबरच्या लिपस्टिकपुढं छापलं होतं, ‘आत्मविश्वासानं उजळणाऱ्या स्त्रीसाठी समृद्ध न्यूड.’ ८ नंबरपुढं, ‘समृद्ध न्यूड, जी तुमचा आत्मविश्वास उजळवते.’ ११ नंबरच्या वेळी लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास संपला असावा, कारण तिथं नुसतंच ‘न्यूडची मोहिनी’ होतं. मग लालमध्ये २ नंबर ‘धाडसी’, ३ नंबर ‘बेधडक’, आणि ४ नंबर ‘ती आली आणि सगळे बघत राहिले’. ही शेवटची शेड नक्की कशी आहे हे ती आल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता.

मी वहिनींना म्हटलं, “७ चं वर्णन ८ ला लावा आणि ८ चं ७ ला. कुणाच्या लक्षात येईल का?”

“कंपनीच्या तरी येतंय का बघाय पायजे,” वहिनी म्हणाल्या.

दोन वर्णनांची अदलाबदल केली आणि कुणाची तक्रार आली नाही, तर त्या दोन्हींत रंग नव्हताच. आमच्या धंद्यात हे चालत नाही, कारण आम्ही रंग एकटा कधी सांगतच नाही. पार्टीनं पाठवलेला कापडाचा तुकडा म्हणजे स्टँडर्ड. आमचा तुकडा त्याच्या शेजारी ठेवायचा आणि फक्त फरक सांगायचा: गडद की फिका, तेज की मळका, पिवळ्याकडे की निळ्याकडे. कापडात ५५५ नावाची एक वर्गवारी आहे, तिचं तत्त्वही हेच. तीन आकडे, तीन गोष्टींसाठी: उजळपणा, रंगाचं तेज, आणि रंग कुठल्या बाजूला झुकतो ते. ५ म्हणजे स्टँडर्डच्या घरातला. एखादा आकडा बदलला, की त्या बाजूला एक पायरी सरकली. एकाच शर्टाची बाही आणि छाती वेगवेगळ्या तागांतून कापली, तरी बाही वेगळी दिसू नये म्हणून हा सगळा उपद्व्याप. त्यात ‘मोहिनी’ला आकडा नाही.

तेव्हा मी ठरवलं, की वहिनींच्या १२ कांड्यांनाही हाच नियम लावायचा. प्रत्येकीचं वर्णन तिच्या शेजारणीच्या तुलनेत. आपल्याकडे माणसांचंही वर्णन असंच होतं, त्यामुळं वहिनींना पद्धत लगेच पटली.

पहिली अडचण उजेडाची आली. वहिनींच्या दुकानात पिवळसर एलईडी आहेत, कारण त्यांत गिऱ्हाईक आरशात छान दिसतं. दुकानदाराच्या दृष्टीनं तो दिवा उत्तम, रंग बघणाऱ्याच्या दृष्टीनं वाईट. त्या उजेडात २ आणि ३ नंबरच्या लाल कांड्या जुळ्या बहिणी वाटत होत्या. मी दोन्हींची रेघ पांढऱ्या कागदावर ओढली आणि कागद घेऊन दारात गेलो. दिवसाच्या उजेडात २ नंबर सरळ शेंदराकडे गेली आणि ३ नंबर राणी रंगाकडे. वहिनी कागद घेऊन आत-बाहेर करू लागल्या. आत एक, बाहेर दोन. समोरचा चहावाला हे बघून स्वतःच येऊन उभा राहिला.

आमच्याकडे याला मेटॅमेरिझम म्हणतात, आणि यानं भल्याभल्यांची ऑर्डर परत आलेली आहे. दोन रंग वेगवेगळे घटक घालून केलेले असले, की एका दिव्याखाली ते जुळतात आणि दुसऱ्याखाली फुटतात. म्हणून लाइट बॉक्समध्ये एक दिवा नसतो. दिवसाच्या उजेडासारखा डी-६५ असतो, परदेशी दुकानांतल्या ट्यूबसारखा टीएल-८४ असतो, घरच्या पिवळ्या बल्बसारखाही एक असतो. शेड सगळ्यांत जुळली तर पास. लिपस्टिकच्या बाबतीत आपण फक्त दुकानातल्या दिव्यात जुळवतो आणि लग्नाला मात्र भर दुपारी मांडवात जातो.

डब्यावर काही कळतं का म्हणून मी पाठ फिरवून बघितली. तिथं बारीक अक्षरात रंगांचे सीआय नंबर असतात. दोन्ही लाल कांड्यांवर तेच नंबर, त्याच क्रमानं. बारा शेडचे डबे एकदम छापायचे, म्हणून कंपन्या पुष्कळदा ‘यांपैकी असू शकतात’ असं लिहून सगळ्या शेडचे सगळे रंग एका ओळीत उभे करतात. संशयित सगळे, आरोपी कुणीच नाही. त्यातून सीआय १५८५० हा एकच नंबर दोन वेगळ्या लालांना लागतो. त्याचा कॅल्शियमचा लेक निळसर लाल येतो, तर त्याचाच नात्यातला दुसरा प्रकार केशरीकडे झुकतो. नंबर एक, चेहरे दोन. म्हणजे डब्याच्या पाठीवरून शेडचं वर्णन लिहिणं म्हणजे रेशनकार्डावरून माणसाचा स्वभाव सांगणं.

आता त्या तीन ‘न्यूड’ बहिणींकडे वळू: ७, ८ आणि ११. खरा कस इथं लागतो. लाल आणि जांभळा यांत कुणीही फरक सांगेल, पण दोन तपकिऱ्यांमधला फरक सांगताना माणसाची भाषा उघडी पडते.

मी तिन्हींच्या रेघा शेजारी शेजारी ओढल्या, प्रत्येकीच्या दोन. एक जाड, दाबून, आणि एक बोटानं पसरून पातळ केलेली. जाड रेघ कांडीत रंग कसा दिसतो ते सांगते. पातळ रेघ ओठावर काय उरणार ते सांगते. बहुतेक भांडणं या दोन रेघांच्या मधल्या जागेत होतात.

७ नंबर जाड रेघेत लाल-तपकिरी होती आणि पातळ केल्यावर तिच्यातून नारिंगी वर आला. ८ नंबर गडदपणाला अगदी ७ एवढीच, पण पातळ केल्यावर गुलाबी-जांभळट झाली आणि तेजानं एक पायरी खाली. ११ नंबर कांडीत तिघींत सगळ्यात काळी, थेट चॉकलेटी. गिऱ्हाईक तिला हातच लावत नव्हतं. “लई डार्क हाय ती, भावजी. ती कुणी घेत न्हाई.” पण बोटानं पसरली, तर रंग जवळजवळ गायब. उरली ती फिकी तांबूस छटा आणि तेलकट चमक.

कारण साधं आहे. लिपस्टिक झाकते ती मुख्यतः टायटॅनियम डायऑक्साइडमुळं. भिंतीच्या पांढऱ्या रंगात जो असतो, तोच. ७ आणि ८ मध्ये तो भरपूर होता, म्हणून त्या खालचा ओठ दिसू देत नव्हत्या. ११ मध्ये तो नावापुरता. सगळा रंग पारदर्शक मेणात आणि तेलात तरंगत होता, त्यामुळं जाड कांडीत तो साचून गडद दिसे आणि ओठावर पातळ थरात विरून जाई. अशा शेडला ‘न्यूडची मोहिनी’ म्हणण्यात एक धोका आहे. तिचा रंग निम्मा त्या बाईच्या ओठांचा असतो. ओठ मुळात गुलाबी असतील तर ती गुलाबी तपकिरी दिसणार, काळसर असतील तर ते काळसरच राहणार, फक्त चमकणार.

मग नावं. इथं मराठीनं हात दिला. आपल्याकडं साडीच्या दुकानात बसलेली कुठलीही बाई रंगांची जी नावं घेते, ती कुठल्याही कॅटलॉगपेक्षा नेमकी असतात. डाळिंबी म्हटलं की डाळिंबी, आमसुली म्हटलं की आमसुली. विक्रेता ‘मरून’ म्हणाला, तर ती त्याला दुरुस्त करते, “मरून न्हवं हो, वांगी हाय ती.” न शिकलेल्या आजीलाही अबोली आणि गाजरी यांतला फरक सांगता येतो, आणि तोही समोर दोन्ही साड्या नसताना. एवढा माल घरात असताना ‘समृद्ध न्यूड’ उसना आणायचं कारण नव्हतं.

तरी प्रत्येक देशी नाव भरवशाचं नसतं. ८ नंबरला मी हौसेनं ‘अंजिरी’ लिहिलं. वहिनींना वाटलं अंजिराच्या सालीचा, त्यांच्या मुलीला वाटलं आतल्या गराचा, आणि दुकानात आलेली तिसरी एक म्हणाली, सुक्या अंजिराचा. तीन रंग झाले. ‘तांबडा रस्सा’ हे नाव तर मुलीनं फारच उत्साहानं सुचवलं होतं, पण कोल्हापुरात दोन खानावळींचा तांबडा सारखा निघाला, तर त्यांतली एक खानावळ बंद पडलेली असते. नाव असं हवं, की ऐकणाऱ्या दहाजणींच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू यावी, आणि त्या वस्तूचा रंग घराघरागणिक बदलू नये. चॉकलेटी चालतं. वीट चालते, पण कोरडी की ओली ते सांगावं लागतं, कारण ओली वीट दोन पायऱ्या गडद होते.

शेवटी वहीत हे उतरलं:

७. विटकरी. भाजलेल्या कोरड्या विटेचा लाल-तपकिरी. ८ एवढीच गडद, पण नारिंगीकडे झुकलेली आणि तेज. एका हातात ओठ पूर्ण झाकते. चमक नाही.

८. वाळलेल्या गुलाबाच्या पाकळीचा तपकिरी. ७ एवढीच गडद, पण जांभळटाकडे झुकलेली आणि जरा मळकी. ओठ झाकते. चमक नाही.

११. कांडीत चॉकलेटी, ओठावर फिकी तांबूस. ७ आणि ८ पेक्षा पुष्कळ फिकी. ओठांचा मूळ रंग दिसतो. चमक आहे. कांडी बघून घाबरू नका.

शेवटचं वाक्य वहिनींचं. मी ते काढणार होतो, पण संपूर्ण वर्णनात सर्वात उपयोगी माहिती तीच आहे, म्हणून ठेवलं.

मग परीक्षा. लॅबमध्ये नुसतं जुळलं असं म्हणून चालत नाही, दुसऱ्या माणसानं बघावं लागतं. शनिवारी संध्याकाळी एमआयडीसीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्या बायका शिफ्ट सुटल्यावर वहिनींच्या दुकानात येतात. आम्ही बाराही कांड्यांच्या बुडावरचे नंबर कागदी पट्टीनं झाकले, कांड्या ताटात मांडल्या आणि एकेकीला एक वर्णन वाचून दाखवलं. तिनं ताटातली कांडी उचलायची. बरोबर उचलली तर वर्णन पास. चुकली तर वर्णन नापास, बाई नव्हे. हे दुसरं वाक्य आधीच सांगावं लागलं, कारण नाहीतर सगळ्या लाजून मागं सरत होत्या.

विटकरी सगळ्यांनी उचलली. शिवणाच्या लाइनवर काम करणाऱ्या एकीनं तर पूर्ण ऐकायच्या आतच उचलली आणि विचारलं, “ह्यात काय परीक्षा हाय?” ११ ला सगळ्या अडल्या, कारण ती कांडीवरून ओळखायची की ओठावरून, हे ठरवायला रेघ ओढावी लागत होती. पण रेघ ओढल्यावर चुकलं कुणी नाही. खरा घोळ लालमध्ये झाला. ४ नंबरला मी ‘कुंकवाचा लाल’ म्हटलं होतं. थोरल्या बायकांनी पिंजरीच्या, जरा गडद कुंकवाचा रंग धरून ३ उचलली. तरुण मुलींनी टिकलीचा रंग धरून ४ उचलली. एका पिढीचं कुंकू दुसऱ्या पिढीला लागू होत नव्हतं. ते नाव रद्द केलं आणि लिहिलं, ‘४. लालभडक. २ पेक्षा कमी केशरी, ३ पेक्षा कमी राणी, म्हणजे दोघींच्या बरोबर मधली.’ दुसऱ्या खेपेला सगळ्यांनी बरोबर उचलली. नावानं जे जमलं नाही ते शेजारणींनी केलं.

१२ नंबरची कांडी हिरवी होती. पत्रकात तिला ‘जादू’ म्हटलं होतं, आणि ती ‘प्रत्येकीला तिचा स्वतःचा खास रंग’ देणार होती. जत्रेत या कांड्या पूर्वीपासून मिळतात. त्यात इओसिनच्या जातीचा एक रंग असतो. मेणातेलात असेपर्यंत तो झोपलेला असतो. ओठाचा ओलावा लागला, की गुलाबी होऊन उठतो आणि कातडीला चिकटून बसतो, म्हणून तो लवकर जातही नाही. हिरवा रंग नुसता दाखवायला. शनिवारच्या चौघींनी ती लावून बघितली आणि चौघींचे ओठ जवळपास एकाच गुलाबी रंगाचे झाले. आमचं वर्णन, ‘१२. कांडी हिरवी, ओठ गुलाबी. सगळ्यांचे साधारण सारखेच. चहा प्यायलात तरी जात नाही.’ चौघींत खप सर्वाधिक याच कांडीचा झाला, कारण वर्णनात चहा होता.

फाउंडेशनच्या सहा बाटल्या निघाल्या तेव्हा मात्र दुकानातलं हसणं जरा थांबलं. लिपस्टिकमध्ये बाई रंग निवडते, फाउंडेशनमध्ये तिला स्वतःचा रंग सांगावा लागतो. आणि आपल्याकडे स्वतःच्या रंगाबद्दल खरं बोलायची पद्धत नाही. लग्नाच्या जाहिरातींनी चार पायऱ्या करून ठेवल्या आहेत: गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. प्रत्येक घर आपल्या मुलीला एक पायरी वर चढवून छापतं. त्यामुळं दुकानात ‘तुमचा रंग कुठला?’ विचारलं, की उत्तर एकच येतं, “गव्हाळ.” शनिवारी आलेल्या सगळ्या गव्हाळ होत्या. सहा बाटल्यांपैकी एकीवरच गर्दी आणि पाच बाटल्या ओस.

गंमत म्हणजे बाटल्यांतल्या रंगांना हा मानापमान माहीत नसतो. जगातल्या कुठल्याही चेहऱ्याचा फाउंडेशन मुख्यतः चार भुकट्यांतून होतो: पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड, आणि लोखंडाचे तीन ऑक्साइड, पिवळा, लाल आणि काळा. लोखंडाचा लाल ऑक्साइड म्हणजे सरळ गंजाचा भाऊबंद. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत नवरा दिवसभर कास्टिंगवरचा गंज घासून काढतो, आणि संध्याकाळी बायको त्याच घराण्यातला, पण शुद्ध स्वरूपात मुद्दाम बनवलेला, पैसे देऊन गालाला लावते. दोघांनाही हे सांगितलं तर पटणार नाही.

या चारांचं प्रमाण हेच शेडचं खरं वर्णन. पांढरा किती, यावर गडदपणा ठरतो. पिवळा आणि लाल यांतलं वर कोण, यावर शेड हळदीकडे झुकते की गुलाबीकडे ते ठरतं. म्हणून फाउंडेशनला दोन वेगळ्या गोष्टी सांगाव्याच लागतात, आणि बहुतेक पत्रकं दोन्ही एकाच शब्दात कोंबतात. आमच्या पत्रकात ३ नंबर होती ‘नॅचरल बेज’ आणि ४ नंबर ‘बेज नॅचरल’. जबड्याच्या कडेला दोन्हींचे पट्टे ओढल्यावर दिसलं, की गडदपणा एकच आहे, ३ पिवळी आहे आणि ४ गुलाबी. चुकीची घेतली तर चेहरा गोरा किंवा काळा होत नाही, तो दुसऱ्याच बाईचा दिसतो आणि मान आपली राहते.

पुस्तकी भाषेत पिवळ्याला वॉर्म आणि गुलाबीला कूल म्हणतात. वहिनींनी एका गिऱ्हाइकाला ‘ही उष्ण हाय’ असं सांगून बघितलं. तिनं विचारलं, “मग तोंड येईल काय?” मोठ्या कंपन्यांतही यावर एकमत नाही. मॅक या नावाजलेल्या कंपनीच्या एनसी म्हणजे कूल लिहिलेल्या शेड पिवळसर कातडीसाठी असतात आणि एनडब्ल्यू म्हणजे वॉर्म लिहिलेल्या गुलाबी कातडीसाठी. त्यांच्या हिशेबात त्याला कारण आहे, पण गिऱ्हाइकाच्या हातात बाटली उलटीच येते. आम्ही वहीत सरळ लिहिलं: ‘३. पिवळ्याकडे. ४. गुलाबीकडे.’ ते कुणाला पथ्याचं वाटलं नाही.

५ आणि ६ नंबरकडे गेल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली म्हणजे, १ ते ४ या शेड एकमेकींना खेटून होत्या आणि ५ वरून ६ वर एकदम उडी. मधली जागा रिकामी. कागलच्या निम्म्याअधिक बायकांचा रंग बरोबर त्या रिकाम्या जागेत बसत होता. हे फक्त याच कंपनीचं नाही. २०१७ मध्ये रिहानाच्या फेंटी ब्यूटीनं पहिल्याच दिवशी फाउंडेशनच्या ४० शेड दुकानात ठेवल्या, तेव्हा त्याची जगभर बातमी झाली, ती यासाठीच, की तोवर गडद कातडीच्या बायकांना एकदोन शेडमध्ये भागवायची सवय लावलेली होती.

दुसरी गोष्ट ६ नंबरच्या रंगात होती. गडद तर होती, पण कातडीवर राखट दिसत होती. असं का होतं, ते डाईहाऊसमधल्या कुणालाही सांगता येईल. फिक्या शेडचीच पाककृती घ्यायची आणि नुसता काळा वाढवायचा. पांढरा तसाच राहतो, आणि काळा अधिक पांढरा म्हणजे करडा. गडद शेड करायची तर आधी पांढरा कमी करावा लागतो आणि लाल-पिवळ्याला जागा द्यावी लागते. कापडात असा करडेपणा आला तर आम्ही लॉट परत रंगवतो. बाटलीत आला तर तिला ‘डीप मोका’ नाव मिळतं.

शिवाय फाउंडेशन लावल्यावर काही वेळानं गडद होतो. त्याला पार्लरच्या भाषेत ‘ऑक्सिडाइज झाला’ म्हणतात. लाल आणि पिवळा ऑक्साइड तर आधीच पुरते ऑक्सिडाइज झालेले असतात. गंजलेल्यानं आणखी काय गंजायचं? खरा प्रकार बहुधा साधा असतो. त्यातलं उडणारं द्रव्य उडून जातं, चेहऱ्याचं तेल रंगाच्या कणांत मुरतं, आणि ओली माती जशी गडद दिसते तसा थर गडद दिसू लागतो. म्हणून पट्टा ओढल्यावर गिऱ्हाइकाला बसवायचं, पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारायच्या, आणि मग दारात नेऊन बघायचं. वहिनींना यातल्या गप्पांच्या भागाला काही शिकवावं लागलं नाही.

मी वहीत लिहिलं: ‘५. मध्यम सावळ्या रंगासाठी, पिवळ्याकडे. ४ पेक्षा एक पायरी गडद. वाळल्यावर अर्धी पायरी आणखी गडद होते. ६. खूप गडद रंगासाठी, तीनेक पायऱ्या पुढं. राखट दिसते. ५ आणि ६ च्या मधली शेड या कंपनीत नाही.’

वहिनींनी वाचलं आणि चष्मा काढला. “भावजी, हे असं लिवलं तर इकायचं काय?”

“आणि नाही लिहिलं तर?”

वहिनी हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. “नाही लिवलं तर घिऊन जातील, घरी लावतील आणि दुसऱ्या दिवशी बाटली आणून आपटतील. फोडलेली बाटली माझ्याकडनं कंपनी परत घेत न्हाई. मी ती कुणाला लावू? तुम्हाला?” मग म्हणाल्या, “असू दे. आणि त्या मधल्या बायकांना सांगतो, ५ आणि ६ घरात मिसळून बघा म्हणून.” तेही त्यांनी खाली लिहिलं. मिसळल्यावर राख बरीच कमी झाली, कारण ५ मधला पिवळा ६ च्या मदतीला आला.

माझं इतकंच मत झालं आहे, की शेडचं वर्णन लिहिणाऱ्याला कवी असण्याची गरज नाही. त्यानं दिवसाच्या उजेडात बसावं, पातळ रेघ ओढावी, आणि चार गोष्टी सांगाव्यात: किती गडद, कुठल्या बाजूला झुकते, ओठ किंवा कातडी झाकते की दाखवते, आणि शेजारच्या शेडपेक्षा वेगळी कशात. त्यापुढं हवं तर एक नाव द्यावं, आणि ते अनोळखी चौघींना ऐकवून बघावं. फोटोवर भिस्त ठेवू नये. एकच कांडी दोन मोबाइलवर दोन रंगांची दिसते, आणि दोन्ही मोबाइल आपलंच खरं म्हणतात.

तुम्ही घेणारे असाल तर एकच करा. दुकानात ‘ही शेड दाखवा’ म्हणून थांबू नका. तिच्या अलीकडची आणि पलीकडचीही काढायला सांगा, तिन्हींची पातळ रेघ ओढा, दारात या, उजेडात बघा आणि मगच पैसे द्या.